पहिल्या बिलाआधीची कागदपत्रं

चाकणच्या एका कारखान्याने कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीचं काम भोसरीच्या नव्या माणसाला दिलं आहे, असं समजू. त्याची एकट्याच्या मालकीची फर्म आहे. मजुरी २,००,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये. बिल यायच्या आत अकाउंट्स विभागाने त्याच्याकडून जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, कॅन्सल केलेला चेक आणि उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावं. बिल हातात आलं की साहेबांना घाई असते आणि कागद मागायचे राहून जातात.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. तो हातातल्या पॅनशी जुळला नाही, तर तिथेच थांबायचं. प्रमाणपत्र जुनं असू शकतं, म्हणून तोच क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून पाहावा. नोंदणी रद्द झालेली असेल, तर ३६,००० रुपयांचं क्रेडिट मिळणार नाही. तो कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही.

पॅनचं चौथं अक्षर P असेल तर करदाता व्यक्ती आहे. अशा कंत्राटदाराचा टीडीएस एक टक्का, म्हणजे इथे २,००० रुपये. पॅनच दिला नाही, तर वीस टक्के, म्हणजे ४०,००० कापावे लागतात. मग पहिल्याच कामाला वाद ठरलेला.

खरी गल्लत नावात होते. पॅन मालकाच्या नावावर, बिल फर्मच्या नावाने. यात वावगं काही नाही, कारण जीएसटी प्रमाणपत्रावर दोन्ही नावं असतात. पण चेक भावाच्या खात्याचा आला, तर तो परत करून फर्मच्या किंवा मालकाच्या खात्याचा मागावा. नंतर खातं बदलल्याचा ईमेल आलाच, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नये. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर करावा. या एका फोनने मोठी फसवणूक टळते.

उद्यम प्रमाणपत्र मात्र बहुतेक ठिकाणी मागितलंच जात नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यावर सूक्ष्म किंवा लघु असा शेरा असेल, तर लेखी करार नसताना काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. ही मुदत उलटून बिल ३१ मार्चनंतरही थकलं, तर ते २,००,००० रुपये त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरले जातात. शिवाय व्याज चढतं ते बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढीने. म्हणून पुरवठादाराचं खातं उघडतानाच संगणकात त्याची मुदत ६० ऐवजी ४५ किंवा १५ दिवस अशी टाकून ठेवावी.