एका साडीचे दोन परकर

आजीची जुनी रेशमी साडी घेऊन एखादी आई येते आणि म्हणते, "ताई, दोघींना सारखं शिवा हं, मुंजीत शोभलं पाहिजे." थोरली नऊ वर्षांची असते आणि धाकटी चार. या मागणीत एक पेच दडलेला असतो. दोघींना खरोखरच सारखं शिवलं, तर ते दोघींच्या अंगावर सारखं दिसत नाही. धाकटीचा परकर थोरलीकडून मागून आणल्यासारखा दिसतो, नाहीतर थोरलीचं पोलकं आखडून गेल्यासारखं वाटतं. सारखं दिसण्यासाठी काही मापं वेगळी ठेवावी लागतात. ती कोणती, हे कळलं की निम्मं काम झालं.

मीही सुरुवातीला चुकले होते. थोरलीची मापं घेतली, दोघींच्या उंचीवरून हिशेब केला आणि सगळं त्याच पटीत लहान केलं. धाकटीचं पोलकं डोक्यातून जाईना आणि परकर कंबरेवर आवळू लागला. लांबी मात्र घोट्याखाली उतरून जमिनीला टेकली. एकाच कपड्यात काही ठिकाणी कमी पडलं आणि काही ठिकाणी जास्त झालं.

याचं कारण मुलांच्या वाढीत आहे. मूल रबरासारखं सगळीकडून सारखं ताणत नाही. जन्मताना डोकं उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. पुढे ते थोडंसंच वाढतं, धड त्याहून जास्त वाढतं आणि पाय सगळ्यांत जास्त. एका जोडीची मापं सांगते. धाकटीची उंची ४० इंच, थोरलीची ५२. म्हणजे थोरली सव्वापटीहून थोडी जास्त उंच. पण कंबर धाकटीची २१ आणि थोरलीची २३, फक्त दोन इंचांचा फरक. डोक्याचा घेर साडेएकोणीस आणि साडेवीस, तिथे एकच इंच. आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची लांबी धाकटीची २१, थोरलीची ३०. इथे फरक जवळजवळ दीडपटीचा. अशी शरीरं एका पटीत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक माप अंगावरूनच घ्यायचं. वयावरून किंवा उंचीवरून अंदाज बांधायचा नाही.

मग सारखेपणा आणायचा कुठून? माझ्या मते तो काठात असतो. परकर-पोलक्यात बघणाऱ्याची नजर आधी खालच्या काठावर जाते, मग बाहीच्या काठावर आणि मग कंबरेच्या रेषेवर. या तीन जागा दोघींच्या अंगावर एकाच प्रमाणात बसल्या, तर बाकी कितीही वेगळं असलं तरी जोडी सारखी दिसते.

त्या साडीचा बेतच सांगते. साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच लांब आणि ४६ इंच रुंद होती. एका बाजूचा काठ साडेचार इंच, दुसऱ्या बाजूचा तीन इंच. अंगभर छोट्या गोल बुट्ट्या. पदर २६ इंचांचा. पदर मी कापला नाही, तो आजींना परत दिला. उरल्या १९० इंचांतले ८० इंच थोरलीच्या परकराला, ५८ इंच धाकटीच्या परकराला आणि ५२ इंच थोरलीच्या पोलक्याला.

दोन्ही परकरांना खाली साडेचार इंचांचाच काठ लावला असता तर काय झालं असतं? थोरलीच्या ३० इंच लांबीत तो साधारण सातवा हिस्सा होतो आणि डौलदार दिसतो. धाकटीच्या २१ इंचांत तोच काठ पाचव्या हिश्शाच्या जवळ जातो, आणि मूल काठात बुडाल्यासारखं दिसतं. बाजारात आणलेल्या जोड्यांमध्ये हाच दोष नेहमी दिसतो, कारण दोन्ही मापांना एकाच रुंदीची लेस लावलेली असते. २१ चा सातवा हिस्सा म्हणजे तीन इंच, आणि साडीचा दुसरा काठ बरोबर तीन इंचांचाच होता. म्हणून धाकटीचं कापड मी फिरवून घेतलं आणि साडीचा वरचा काठ तिच्या परकराच्या खाली आणला. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा दोन काठ वेगळे आहेत, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

हे दर साडीत जमत नाही. कापड फिरवलं की बुट्ट्याही फिरतात. गोल बुट्टी असेल तर काही बिघडत नाही, पण मोर किंवा कोयरी असेल तर ती उलटी होते आणि ते लगेच खटकतं. अशा वेळी काठ उलटा न घेता रुंद काठाचा थोडा भाग आत दुमडून घ्यायचा. पण काठाच्या नक्षीत जिथे एखादी सरळ रेघ असते, तिथेच दुमडायचं. फुलाच्या मधोमध दुमड आली तर काठ कापल्यासारखा दिसतो.

चुण्यांचंही असंच. दोन्ही परकरांत वरून दिसणारी प्रत्येक चुणी एक इंचाचीच ठेवली. थोरलीला २३ चुण्या आल्या, धाकटीला २१, आणि एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. वेगळी ठेवली ती चुणीच्या आत जाणारी दुमड. थोरलीच्या ८० इंच घेराला प्रत्येक चुणीत अडीच इंचांच्या आसपास कापड आत गेलं, धाकटीच्या ५८ इंचांत पावणेदोन. धाकटीलाही भरपूर घेर द्यायचा मोह होतो, आयाही तोच आग्रह धरतात. पण रेशमी कापडाला खाली पडायला लांबी लागते. २१ इंचांच्या परकरात घेर फार झाला तर तो पडत नाही, छत्रीसारखा फुगून उभा राहतो, आणि पोटावर जाड कापडाचे थर जमतात. मग पोरगी दर पाच मिनिटांनी परकर ओढत बसते.

मुळात चार वर्षांच्या मुलीला कंबर अशी नसतेच. छाती २२, कंबर २१ आणि मध्ये पुढे आलेलं पोट. नाडी बांधली तर परकर पोटावरून घसरतो, आणि तो टिकावा म्हणून घट्ट बांधली तर वळ उठतात. म्हणून धाकटीचा परकर नाडीचा करत नाही. मऊ सुती कापडाची बिनबाह्यांची बॉडी शिवून परकर तिलाच जोडते, म्हणजे सगळं वजन खांद्यावर जातं. वरून पोलकं घातलं की बॉडी झाकली जाते आणि थोरलीच्या नाडीच्या परकराशी जोडी तशीच राहते.

पोटामुळे आणखी एक गोष्ट होते. परकर सगळीकडून सारख्या लांबीचा शिवला तर पोटावरून जाताना पुढचं कापड जास्त खर्च होतं. मग पुढचा काठ वर उचलला जातो आणि मागचा खाली लोंबतो. काठ सरळ विणलेला असतो, त्यामुळे खालून कापून हे सुधारता येत नाही. ते वरच सुधारायचं. मागच्या बाजूला मध्यभागी कंबरेवर पाऊण इंच खोल गोलाई काढायची आणि ती दोन्ही कुशींकडे हळूहळू शून्यावर आणायची. थोरलीचं पोट सपाट असतं, तिला हे लागत नाही. मुलीला बाजूने उभी करून बघितलं की काठ जमिनीला समांतर आहे की नाही ते लगेच दिसतं.

पोलक्यात अडचण गळ्याची. डोकं जवळजवळ तेवढंच आणि खांदे मात्र अरुंद. थोरलीचे खांदे साडेअकरा इंच होते, धाकटीचे साडेनऊ. डोकं जावं म्हणून गळा मोठा केला तर तो खांद्यावरून उतरतो. म्हणून धाकटीचा गळा लहानच ठेवला, १२ इंच घेराचा, आणि पाठीमागे साडेचार इंचांची चीर देऊन बटणं लावली. चिरेच्या दोन्ही कडा धरल्या की डोक्याला २१ इंच मिळतात. थोरलीच्या पोलक्याला पुढून हुक दिले. गळ्याचा आकार मात्र दोघींचा चौकोनीच ठेवला.

सैलपणासुद्धा पटीत कमी करायचा नसतो. श्वास घ्यायला आणि हात वर करायला लहान अंगालाही जवळजवळ तेवढीच जागा लागते. दोघींच्या छातीत मी तीन इंच सैल ठेवते. धाकटीचं पोलकं कंबरेखाली इंचभर जास्त उतरवते, कारण ती सारखी हात वर करते.

बाह्यांचा काठ निघाला थोरलीच्या परकराच्या वर उरलेल्या पट्टीतून. तिच्या परकराला ३० इंच लांबी, वर एक इंच आणि आत घेतलेल्या वाढीच्या दुमडीचे तीन इंच, असे ३४ इंच गेले. त्यामुळे ८० इंच लांब आणि १२ इंच रुंद अशी पट्टी उरली आणि तिला तीन इंचांचा काठ होता. चारही बाह्या त्यातच बसल्या. धाकटीच्या बाहीला तीन इंच जड झाले असते, म्हणून तिच्या बाहीवर एक रेघ आत दुमडून काठ दोन इंचांचा केला. दोघींची बाही खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर संपते. इंचांत ती वेगळी आहे, पण हातावरची जागा तीच आहे. धाकटीचं पोलकं तिच्या परकराच्या वर उरलेल्या २१ इंचांतून निघालं, मात्र तिकडचा रुंद काठ बाजूला ठेवून.

दोघींच्या परकरांत कंबरेजवळ आतून दीड इंचांची दुमड घातली आहे. तिच्यात तीन इंच कापड जातं आणि पुढच्या वर्षी ती उसवता येते. ही दुमड काठाजवळ घालू नये. तिथे रेशमावर कायमची घडी पडते आणि उसवल्यावर ती रेघ दिसत राहते.

परकर तयार झाला की मुलींना चपला घालून शेजारी शेजारी उभ्या करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. मग त्यांना मांडी घालायला सांगा, हात वर करायला सांगा, पळायला सांगा. थोरलीचा काठ जमिनीपासून इंचभर वर चालतो, धाकटीचा दोन इंच हवा, नाहीतर जिन्यात पाय अडकतो.

आणि घरी शिवणार असाल तर एक विनंती. थोरलीचं आधी कापा. तिच्या पोलक्यात कापताना चूक झाली तर त्या कापडातून धाकटीचं पोलकं निघतं आणि धाकटीच्या परकरावरचं कापड तेवढं शिल्लक राहतं. धाकटीचं चुकलं तर मात्र त्यातून थोरलीचं काहीच निघत नाही.