चार नोकऱ्या, तीन वाक्यं

समजा, पुण्यातली एक अकाउंटंट आहे. पाच वर्षांत तिच्या चार नोकऱ्या झाल्या. पहिली ट्रॅव्हल कंपनीत होती. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती शाखाच बंद पडली. दुसरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होती. तिसरी दोन वर्षं चालली. चौथी तिनं सात महिन्यांत सोडली, कारण जीएसटी रिटर्नसाठी घेऊन तिला उधारीच्या वसुलीला बसवलं. पाचव्या ठिकाणी बायोडेटा पाठवताना सोबतच्या मेलमध्ये हे सगळं सांगायचं कसं?

पहिला मोह होतो तो सात महिने गाळून टाकण्याचा. पण पीएफ कापला जात असेल, तर यूएएन क्रमांकाखाली प्रत्येक कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख नोंदलेली असते. अनेक कंपन्या पडताळणीत हा तपशील पाहतात. तिथे तफावत सापडली, तर हातात आलेली ऑफरही जाऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे चारही नोकऱ्यांचा खुलासा करत बसणं. मेलची सुरुवात कामानंच व्हावी: कोणती रिटर्न भरली, कोणतं ऑडिट सांभाळलं. त्यानंतर तीन वाक्यं पुरतात.

पहिल्या वाक्यात आपल्या हाती नसलेले बदल एकत्र घ्यावेत: ‘पहिल्या कंपनीची शाखा २०२० मध्ये बंद झाली आणि पुढची नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटाची होती.’ बायोडेटातही त्या नोकरीपुढे ‘कंत्राटी’ असं लिहावं. दोन वर्षं टिकलेल्या नोकरीला स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरं वाक्य अवघड नोकरीचं: ‘नेमणूक जीएसटीसाठी होती, पण काम वसुलीचं मिळालं, मला करांच्या कामातच राहायचं असल्यानं नोटीस पिरियड पूर्ण करून मी ती सोडली.’ यात साहेबांची तक्रार नाही, आणि ऑफर लेटर व रिलीव्हिंग लेटर दाखवून ते पटवताही येतं. पगारासाठी सोडली असेल तर तसंच लिहावं, आणि जाण्याआधी कोणतं काम पूर्ण करून दिलं तेही सांगावं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं मोघम लिहिलं की वाचणारा स्वतःच कारण शोधू लागतो.

तिसरं वाक्य समोरच्या जाहिरातीशी जोडलेलं हवं: ‘तुमच्याकडे मासिक रिटर्नपासून ऑडिटपर्यंतचं काम एकाच व्यक्तीकडे आहे, तिसऱ्या नोकरीत मी दोन वर्षं हेच केलं.’ ‘आता मी कायम टिकेन’ या आश्वासनापेक्षा ही दोन वर्षं जास्त बोलतात.

काही कंपन्या ठरावीक काळाहून कमी टिकलेले अर्ज आधीच बाजूला काढतात. तिथे कोणतीही मेल उपयोगी पडत नाही. बाकीच्या ठिकाणी मुलाखतीत सात महिन्यांचा प्रश्न पुन्हा येतोच. त्या दिवशी फाइलमध्ये चौथ्या कंपनीचं ऑफर लेटर वरच ठेवावं, कारण ‘जीएसटी’ हा शब्द त्यात छापलेला आहे.