कान जागा ठेवून झोप होत नाही
आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्याला घरात हमखास एक सल्ला मिळतो: जागू नकोस, बाजूला आडवं पड, हाक ऐकू आली की ऊठ. मालवणच्या वाडीतल्या घरात असो की ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात खाटेखाली अंथरलेल्या चटईवर, बहुतेक सोबत याच पद्धतीने होते. दोन-तीन रात्री ती निभते. अर्धांगवायू झालेल्या किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाची शुश्रूषा मात्र आठवडे चालते आणि तिथे ही पद्धत माणसाला पोखरते. कारण साधं आहे. हाकेची वाट पाहत घेतलेली झोप हाक आली नाही तरी पुरती लागत नाही.

याचा उत्तम पुरावा समुद्रावरून मिळतो. स्वीडनचे संशोधक टॉर्सव्हाल आणि ऑकरस्टेट यांनी 1988 साली जहाजावरच्या इंजिनिअरांची झोप मेंदूच्या विद्युत आलेखावर तपासली. रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसायचं आणि बिघाड झाला तर इंजिनिअरच्या केबिनमध्ये घंटा वाजायची. अशा रात्री त्यांची झोप कमी झाली आणि गाढ झोपेचा भागही घटला. महत्त्वाची गोष्ट अशी की घंटा वाजण्याआधीच्या तासांतही झोप बिघडलेली होती. म्हणजे नुकसान केवळ उठण्यामुळे होत नाही, उठावं लागेल या धास्तीनेही होतं. म्हणून माझं म्हणणं असं की सोबत करणाऱ्याने झोपेचे एकूण तास मोजण्याआधी एक प्रश्न विचारावा. चोवीस तासांत असे सलग चार-पाच तास आहेत का, ज्यात रुग्णाची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्याची आहे?

एक घर डोळ्यांसमोर आणू. आजी अर्धांगवायूनंतर घरी आली आहे, नाकातून नळीने अन्न दिलं जातं, लघवीची पिशवी लावलेली आहे. घरात मुलगा आणि सून. रात्री नऊला नळीतून शेवटचं अन्न आणि औषधं, मग दर दोन तासांनी कूस बदलायची, सकाळी सहाला पुन्हा अन्न. आपल्याकडे दोघंही आजीच्या खोलीत झोपतात आणि प्रत्येक हालचालीला दोघंही दचकून उठतात. पाठीला ही वाटणी वाटते, पण मेंदूच्या लेखी एकाच रात्रीत दोन माणसं खर्ची पडतात. त्याऐवजी सुनेने रात्री नऊ ते दोन दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावं आणि मुलाने आजीजवळ असावं. दोनला बदली, आणि दोन ते सात मुलाने त्याच बंद खोलीत झोपावं. दोघांनाही पाच तास अखंड मिळतात. रात्रीच्या पहिल्या काही तासांत गाढ झोप जास्त असते, त्यामुळे दिवसाचा भार जिच्यावर जास्त, तिला पहिली पाळी झोपायला द्यावी. तिची उरलेली तूट दुपारच्या दीड तासाने बरीच भरते.

या वेळा रोज त्याच ठेवणं महत्त्वाचं आहे. मायनर्स आणि वॉटरहाउस या इंग्लंडमधल्या संशोधकांनी 1981 साली दाखवलं की बाकीची झोप कशीही विखुरली तरी रोज ठरावीक वेळी चार तास मिळाले, तर शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. आज अकराला, उद्या तीनला असं केलं की झोपायला वेळ मिळूनही डोळा लागत नाही.

दोन वाजताची बदली नीट झाली नाही, तर सगळी योजना फसते. शेवटची कूस केव्हा बदलली, पिशवीत लघवी किती होती, श्वासात किंवा बोलण्यात काही वेगळं वाटलं का, हे वहीत लिहिलेलं असावं, म्हणजे झोपायला जाणाऱ्याला अर्धा तास सांगत बसावं लागत नाही. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं पंधरा ते तीस मिनिटं जड असतं, म्हणून उठल्या-उठल्या पातळ औषध मोजायला घेऊ नये. रात्रीच्या गोळ्या संध्याकाळीच वेगळ्या काढून ठेवाव्यात.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरात दुसरं माणूस नसल्याचा. कोकणातल्या कितीतरी घरांत तो खरा आहे, कारण मुलं मुंबईला असतात. अशा वेळी रात्रीची कामंच हलवावी लागतात आणि त्यासाठी डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारावे लागतात. लघवी वाढवणारी गोळी दुपारीच देऊन टाकता येईल का? चांगली गादी असेल तर रात्री कूस चार तासांनी बदलली तर चालेल का? हा दुसरा प्रश्न आगाऊपणाचा नाही. 2013 साली अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत झालेल्या मोठ्या अभ्यासात दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पण कातडी आधीच लाल झाली असेल, तर ही सवलत आपल्या मनाने घ्यायची नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस, धाप किंवा भ्रम असेल तर कोणीतरी जागं असायलाच हवं. तिथे एकट्याने निभावण्याचा प्रयत्नच चुकीचा आहे, शेजार किंवा पगारी माणूस बोलवावं.

मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला चाकरमानी बहुधा दिवसभर रुग्णालयात बसतो, डॉक्टरांना भेटतो आणि रात्री घरी झोपतो. हे उलटं व्हायला हवं. घरच्या माणसाची तूट रात्रीची आहे, तेव्हा पाहुण्याने रात्र उचलावी. फक्त कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलेल्या माणसाची स्वतःचीच रात्र गेलेली असते, म्हणून पहिली रात्र त्याच्यावर टाकू नये. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, हीही खरी अडचण आहे. तिथे बहीण, नणंद, मावशी यांच्यात रात्र लावावी लागते आणि पुरुषांनी त्यांच्या दिवसाच्या झोपेची राखण करावी, म्हणजे स्वयंपाक, मुलं, फोन सगळं आपल्याकडे घ्यावं.

मला सर्वांत धोकादायक वाटतो तो "मला सवय झाली आहे" हा आक्षेप. फिलाडेल्फियातल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं अवधान दिवसागणिक ढासळत गेलं आणि शेवटी अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं खाली आलं. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलेलो आहोत असं वाटत होतं. म्हणजे थकवा मोजण्याचं आपलं आतलं मापच चुकतं. त्यामुळे बाहेरच्या खुणा पाहाव्यात: गोळी दिली की नाही हे आठवत नाही, तीच ओळ दोनदा वाचावी लागते, खुर्चीत टेकताच डोळा लागतो. यातली एकही खूण दिसली, तर त्या रात्री पाळी बदलायची, आणि हा निर्णय थकलेल्या माणसाने नव्हे तर घरातल्या दुसऱ्याने घ्यायचा.

आईला सोडून दार लावून झोपायचं कसं, हे मन विचारतंच. पण औषध मोजणारा, खाटेवरून उचलणारा हात त्याच माणसाचा असतो. सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी घसरते, असं ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी 1997 साली मोजलं होतं. ओरोसला रात्र काढून सकाळी दुचाकीवरून मालवणला निघणारा माणूस त्याहून जास्त तास जागलेला असतो. त्याने एसटी धरावी किंवा रुग्णालयाच्या आवारातच बाकावर वीस मिनिटं डोळा लावून, तोंड धुऊन, पंधरा मिनिटं थांबून मग किल्ली फिरवावी, आणि घरून कोणी न्यायला येऊ शकत असेल तर दुचाकी तिथेच ठेवावी.