युरोतलं बिल, रुपयातली वही: फरक कुठे लिहायचा?



द्राक्षाचं बिल युरोत गेलं की पैसे हातात येईपर्यंत दर हलतो. मग सभेत प्रश्न येतो, "बिल अठरा लाखांचं, जमा जास्त कशी?" हिशेब सोपा राहावा म्हणून गोल आकडे घेऊ.

20 फेब्रुवारीला कंटेनर गेला. बिल 20,000 युरोचं, त्या दिवशीचा दर 90 रुपये. वहीत विक्री पडली 18,00,000 रुपये. हा आकडा आता कायमचा. नंतर दर कितीही हलो, विक्रीला हात लावायचा नाही.

31 मार्चला पैसे यायचेच आहेत आणि दर झालाय 92. येणं बाकी त्या दिवशीच्या दराने मांडावी लागते, म्हणजे 18,40,000. वरचे 40,000 'विनिमय नफा' म्हणून त्याच वर्षाच्या नफा-तोट्यात जातात. पण हा नफा कागदावरचा आहे बरं का, बँकेत एक रुपयाही आलेला नाही. त्याच्या भरवशावर बोनस जाहीर करणं धोक्याचं.

कारण 5 मेला पैसे आले तेव्हा दर होता 91. 20,000 युरोचे झाले 18,20,000. वहीत येणं होतं 18,40,000, म्हणून नव्या वर्षात 20,000 विनिमय तोटा. बँकेने 2,000 शुल्क कापलं आणि खात्यात 18,18,000 जमा झाले. ते 2,000 'बँक खर्च' खाती टाकायचे, विनिमय तोट्यात मिसळायचे नाहीत. दोन्ही वर्षं मिळून विनिमय नफा 20,000.

टॅली वापरत असाल तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ दिसते. ती दिसतेय म्हणजे फरकाची जर्नल नोंद राहिली आहे.

खरी गडबड होते ती खरेदीदाराने पैसे कापले की. समजा मणीगळ दाखवून त्याने 1,000 युरो कमी पाठवले. रुपये कमी आले म्हणून कारकुनाने सगळा फरक विनिमय तोट्यात टाकला, तर वही जुळते, पण कापणी लपते. कुणाच्या मालात काय झालं, तक्रार खरी होती का, फोटो-रिपोर्ट मागितला का, हे कुणी विचारतच नाही. आणि भार सगळ्यांवर पडतो. अशा कापणीसाठी वेगळी क्रेडिट नोट हवी, कंटेनर नंबरासकट.

ओळखायचं कसं? बँकेच्या जमा-सूचनेत रुपये नंतर बघा, आधी युरो बघा. युरो पूर्ण आणि रुपये वेगळे, तर फरक दराचा किंवा बँक शुल्काचा. युरोच कमी, तर कापणी. वीस-पंचवीस युरोच कमी असतील तर बहुधा मधल्या बँकेचं शुल्क, तेही बँक खर्चात.

हिशेब बघायला ऑफिसात याल तेव्हा बिल, जमा-सूचना आणि विनिमय खात्याचा उतारा, तिन्ही एकत्र मागा.