हातोडे, क्रॉस आणि रिकामं लाल वर्तुळ

फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात शिरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आली, की डोक्यावर विजेचा फलक दिसतो. त्यावर लाल अक्षरांत VARCO ATTIVO असं झळकत असतं. त्याचा फोटो काढून शब्दकोश उघडला, तर 'प्रवेशमार्ग सुरू' असा अर्थ मिळतो. 'काउंटर सुरू आहे' ही पाटी वाचून पुढे सरकणारी आपण माणसं. गाडी आत जाते. पण तिथे सुरू असतो तो पहारा. खांबावरचा कॅमेरा या क्षणी नंबरप्लेट टिपतो आहे आणि परवानगी नसलेल्या गाडीने इथून आत शिरू नये, असं तो फलक सांगत असतो. उलट VARCO NON ATTIVO वाचून 'मार्ग बंद दिसतोय' म्हणत माणूस गाडी वळवतो, तेव्हा खरं तर सरळ आत जाता आलं असतं. काही शहरांनी हा घोळ ओळखून आता फलकावर ZTL ATTIVA लिहायला सुरुवात केली आहे. अर्थ तोच, आत जायचं नाही.

म्हणून परदेशी फलकाच्या फोटोचं भाषांतर करताना शब्द शेवटी घ्यावेत. आधी विचारावं: हा फलक मला काय करायला सांगतो, कोणाला सांगतो आणि केव्हा? फलकावर उत्तरंही बहुतेक याच क्रमाने, वरून खाली मांडलेली असतात. वर आकार आणि रंग, म्हणजे हुकूम. त्याखालच्या छोट्या पाट्यांवर वेळ, वार आणि कोणाला सूट ते. आकारांचं फार अडत नाही. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं आणि निळं वर्तुळ 'हेच करा' म्हणतं. 1968च्या व्हिएन्ना करारातली ही पद्धत आपल्या रस्त्यांवरही आहे. गाडी अडकते ती खालच्या पाट्यांवर.

झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या पोटात असा एखादा भाग असतोच. त्याची खूण म्हणजे लाल कडेचं, आतून पांढरं, अगदी रिकामं वर्तुळ. त्यात ना गाडीचं चित्र असतं, ना आडवी रेघ, त्यामुळे नवख्याला ते अर्धवट रंगवलेलं वाटतं. पण रिकामं वर्तुळ म्हणजे सगळ्याच वाहनांना बंदी. त्याखाली 'एच्चेत्तो' हा शब्द आणि पुढे कोणाकोणाची यादी असेल, तर ती सूट मिळालेल्यांची: रहिवासी, परवानाधारक, बस, टॅक्सी. पर्यटक त्यात नसतात. तेव्हा 'एच्चेत्तो' दिसल्यावर आपल्यापुरतं भाषांतर सोपं आहे: पुढची यादी माझी नाही, बंदी माझी आहे.

यात हॉटेलवाल्यांचा एक अपवाद आहे. झेडटीएलच्या आत मुक्काम असेल, तर पुष्कळ शहरांत हॉटेल तुमचा गाडी क्रमांक नगरपालिकेकडे नोंदवू शकतं आणि सामान उतरवण्यापुरता प्रवेश मिळतो. पण ही नोंद आपोआप होत नाही. नंबरप्लेटचा फोटो हॉटेलला पाठवून 'क्रमांक नोंदवला का, किती वाजेपर्यंत चालेल आणि कोणत्या रस्त्याने आत यायचं' हे तिन्ही विचारून घ्यावं. आतल्या सार्वजनिक गॅरेजमध्ये गाडी लावणार असाल, तरी हेच प्रश्न गॅरेजवाल्याला विचारावेत.

चुकून आत शिरलात, तर बाहेर पडण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता धरावा. नेमकं इथेच लोक बिथरतात. नकाशा 'पुन्हा वळा' म्हणतो, माणूस त्याच चौकाला दोन फेऱ्या मारतो आणि दर वेळी कॅमेऱ्याखालून जातो. प्रत्येक प्रवेश वेगळा गुन्हा धरला जाऊ शकतो. दंड साधारण 80 युरोंपासून सुरू होतो, त्यावर नोटिशीचा खर्च चढतो. शिवाय चालकाचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी आपलं शुल्क वेगळं कापते. ते शुल्क दंड नव्हे. कार्डावरून ते कापलं गेलं म्हणून 'दंड भरला' असं समजून पुष्कळजण निर्धास्त होतात आणि खरी नोटीस नंतर दारात येते.

आता वेळेच्या पाट्या. इटलीच्या फलकांवर वारांची नावं क्वचितच असतात, चित्रं असतात. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचा दिवस, क्रॉस म्हणजे सुट्टीचा. हातोडे पाहून आपल्या मनात सोमवार ते शुक्रवार येतो, विशेषतः आयटीत काम करणाऱ्यांच्या. पण इटलीच्या कायद्यात शनिवार कामाचा दिवस आहे. हातोडे म्हणजे सोमवार ते शनिवार. क्रॉस म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या. त्या सुट्ट्यांमध्ये 15 ऑगस्टही येतो, त्यांच्या कारणाने. दोन्ही चिन्हं नसतील आणि नुसती वेळ असेल, तर ती रोजची.

एक फोटो सावकाश वाचू. वर निळ्या चौकोनात पांढरा 'पी'. त्याखाली घड्याळाच्या चकतीचं चित्र आणि '60 मिनिटं'. त्याखाली हातोडे, आणि 8-13, 15-19 अशा दोन वेळा. शब्दशः वाचलं, तर पार्किंग, एक तास, कामाचे दिवस. तुम्ही शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी पोहोचला आहात. हातोड्यांत शनिवार येतो, म्हणजे नियम लागू. पाच-वीस ही वेळ तीन ते सातच्या आत आहे. पैसे भरायचे नाहीत, कारण पाटीवर पैशांचा उल्लेख नाही. मात्र काचेमागे वेळेची चकती लावायची. बहुतेक भाड्याच्या गाड्यांत ती असते. गाडी ताब्यात घेतानाच बघून ठेवावी. काटा पोहोचल्याच्या वेळेवर, पाच-वीसवर ठेवायचा. सहा-वीसला गाडी हलली पाहिजे.

तीच गाडी संध्याकाळी साडेसहाला लावली असती, तर? सातला नियमाची वेळ संपते, त्यामुळे चकती साडेसहावर लावून माणूस निवांत जेवायला जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी रविवार. या पाटीपुरती गाडी तशीच राहू शकते. सोमवारी सकाळी आठला मात्र नियम पुन्हा जागा होतो. दुपारी साडेबाराला लावलेल्या गाडीचंही तेच. एक वाजता नियम थांबतो आणि तीनपर्यंत कोणी विचारत नाही. एकाच खांबाची ही वेगवेगळी भाषांतरं आहेत, आणि कोणतं लागू ते आपलं घड्याळ ठरवतं. लक्ष्मी रोडवरच्या सम-विषम तारखांच्या पाट्या वाचायला शिकलेल्या पुणेकराला हे फार जड जाऊ नये.

या हिशेबात एक चोरवाट उरते, ती रस्ते धुण्याच्या पाटीची. फ्लॉरेन्ससारख्या शहरांत ठरलेल्या रात्री गल्ली धुतात आणि त्या वेळी उभी असलेली गाडी उचलून नेतात. पाटीवर झाडू मारणाऱ्या यंत्राचं चित्र असतं, किंवा नुसताच मजकूर: महिन्याचा पहिला गुरुवार, 0 ते 6. वाचणारा म्हणतो, गुरुवारी रात्री बघू. पण शून्य वाजता गुरुवार नुकता उजाडलेला असतो. म्हणजे ही बुधवारची रात्र. कृतीत मांडायचं, तर बुधवारी जेवणाआधी गाडी काढा. गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकचं चित्र खाली असेल, तर नुसत्या दंडावर भागणार नाही, गाडीच जाग्यावर नसेल.

मनाईच्या फलकांतही असाच एक न छापलेला भाग असतो. निळ्या वर्तुळाला लाल कड आणि एकच तिरपी लाल रेघ म्हणजे गाडी लावून ठेवायला मनाई. आजीला उतरवायला क्षणभर थांबलात, चालक जागेवर असला आणि वाहतूक अडली नाही, तर चालतं. दोन रेघा फुलीसारख्या असतील, तर थांबणंही नाही. आजीला पुढच्या वळणावर उतरवा. एका रेघेच्या फलकाखाली वेळ लिहिलेली नसेल, तर वस्तीत ती मनाई सकाळी आठ ते रात्री आठ अशी धरली जाते आणि वस्तीबाहेर चोवीस तास. हे फलकावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून कोणत्याही फोटोतून ते उतरवता येत नाही. तेवढा कायदा आधीच वाचून जावा लागतो.

फोटो कसा काढायचा, त्यालाही रीत आहे. चालकाने स्वतः काढू नये. इटलीत डिसेंबर 2024पासून गाडी चालवताना हातात फोन दिसला, तर किमान 250 युरो दंड आणि परवाना निलंबित होण्याची टांगती तलवार आहे. शेजारच्याने काढावा, किंवा गाडी बाजूला लावून, उतरून. खांब वरपासून खालपर्यंत एकाच चौकटीत यायला हवा. वरचं वर्तुळ टिपून खालची पाटी कापली, की हुकूम हाती येतो आणि अटी निसटतात. बाणही दिसला पाहिजे, कारण नियम खांबाच्या कोणत्या बाजूला सुरू होतो ते बाण सांगतो. आणखी एक फोटो जमिनीवरच्या रेघांचा: पांढरी बहुधा फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पांढरी रेघ दिसली तरी खांब वाचल्याशिवाय गाडी सोडू नये, वर चकतीची पाटी असू शकते.

आणि एक फोटो फलकाच्या पाठीचा. इकडे कोणी बघत नाही, पण मनाई किंवा सक्ती सांगणाऱ्या इटालियन फलकाच्या मागे तो कोणत्या संस्थेने लावला आणि कोणत्या आदेशाने, त्याचा क्रमांक व तारीख लिहिणं नियमाने बंधनकारक आहे. दंडाला हरकत घ्यायची वेळ आली, तर 'फलक झाडामागे होता' एवढं म्हणण्यापेक्षा हा क्रमांक आणि समोरून घेतलेला फोटो जास्त उपयोगी पडतो.

घरी परतल्यावर हे फोटो पुसू नका. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात 360 दिवसांची मुदत आहे. भाड्याच्या गाडीत चालकाचं नाव कंपनीकडून कळेपर्यंतही वेळ जातो, त्यामुळे वर्ष उलटल्यावरसुद्धा पाकीट येऊ शकतं. गाडीचा करार, चकतीचा आणि खांबाचा फोटो, हॉटेलने क्रमांक नोंदवल्याचा निरोप हे सगळं एकत्र ठेवा. नोटीस खरी निघाली आणि चूक आपलीच असली, तर पाच दिवसांत भरल्यास दंड सहसा 30 टक्क्यांनी कमी होतो.