सूचनांवाचून शब्दकोडे

नेहमीच्या शब्दकोड्यात चौकटीशेजारी सूचना असतात: ‘एक नदी’, ‘राजाचे आसन’, ‘उलट केल्यास फळ’. सूचना वाचायची, शब्द आठवायचा आणि घरे भरायची. आर्थर विन यांचे असे पहिले कोडे न्यूयॉर्कच्या एका दैनिकात 21 डिसेंबर 1913 रोजी छापून आले. पुढे याच कुळात एक वेगळा प्रकार आला. त्यात सूचना नसतात. सगळे शब्द यादीत समोर दिलेले असतात आणि चौकट कोरी असते. कोणता शब्द कुठे बसतो, एवढेच शोधायचे.

उत्तरे आधीच दिलेली, मग कोडे कसले, असे पहिल्यांदा वाटते. एक छोटी चौकट सोडवून पाहिली की ही शंका फिटते. कागद-पेन्सिल घ्यावी आणि यादी उतरवून घ्यावी: अकोला, अमरावती, जळगाव, मुंबई, यवतमाळ, येरवडा, येवला, वसई.

आता चौकट आखायची. आधी पाच घरांची एक आडवी ओळ काढावी. तिच्या चौथ्या घरातून पाच घरांची उभी ओळ न्यावी, अशी की ते सामाईक घर उभ्या ओळीचे दुसरे घर ठरेल. उभ्या ओळीचे शेवटचे घर हे चार घरांच्या एका आडव्या ओळीचे दुसरे घर आहे. या ओळीच्या शेवटच्या घरातून तीन घरे खाली उतरतात आणि त्यांतल्या शेवटच्या घरापाशी डावीकडून आलेली तीन घरांची आडवी ओळ संपते. उरली डावी बाजू. अगदी पहिल्या आडव्या ओळीच्या पहिल्या घरातून तीन घरे खाली जातात. त्यांतल्या तिसऱ्या घरातही डावीकडून आलेली तीन घरांची आडवी ओळ संपते, आणि त्या आडव्या ओळीच्या पहिल्या घरातून चार घरे खाली जातात. एकूण 23 घरे, 8 शब्द.

सोडवायला बसण्याआधी मोजणी नीट हवी. मराठी कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार त्या अक्षराबरोबरच येतात. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून ‘मुंबई’ची घरे तीन आणि ‘रत्नागिरी’ची चार. ‘वर्धा’ लिहायला लांब दिसते, पण तिला दोनच घरे पुरतात. नवखा माणूस बहुधा इथेच चुकतो. तो रफार किंवा अर्धे अक्षर वेगळे मोजतो, मग शब्द चुकीच्या लांबीच्या गटात जातो आणि पुढचे सगळे बिनसते.

मोजणी झाली की यादी गटांत लावावी. पाच अक्षरी दोन: अमरावती आणि यवतमाळ. चार अक्षरी दोन: जळगाव आणि येरवडा. तीन अक्षरी चार: अकोला, मुंबई, येवला, वसई. फक्त लांबी पाहून हे शब्द 96 प्रकारे मांडता येतात. त्यांतला एकच प्रकार बरोबर आहे.

सुरुवात नेहमी कमी शब्द असलेल्या गटापासून करावी, आणि त्यातही जिथे दोन ओळी एकमेकींना छेदतात तिथून. इथे पाच घरांच्या दोन ओळी एकमेकींना छेदतात, म्हणजे सुरुवात आयतीच मिळाली. समजा आडवा ‘यवतमाळ’ लिहिला. त्याचे चौथे अक्षर ‘मा’. मग उभा ‘अमरावती’ येणार, त्याचे दुसरे अक्षर ‘म’. घर एक आणि अक्षरे दोन, हे जमत नाही. आता अदलाबदल करून पाहावी. आडव्या ‘अमरावती’चे चौथे अक्षर ‘व’ आणि उभ्या ‘यवतमाळ’चे दुसरेही ‘व’. बसले. यात अंदाज नाही, दुसरा पर्यायच उरला नाही.

देवनागरी या खेळाला किती वेगळी चव देते, ते या एका घरात दिसते. रोमन लिपीत ‘म’ आणि ‘मा’ या दोहोंसाठी ‘एम’ हे एकच अक्षर घरात येते आणि स्वर शेजारच्या घरात जातो. तिथे सव्वीसच अक्षरे असल्यामुळे दोन शब्दांत एखादे अक्षर योगायोगाने जुळणे सहज घडते. मराठीत म, मा, मि, मी, मु ही सगळी वेगवेगळी घरे आहेत. त्यामुळे मराठीतले एक जुळलेले अक्षर फार मोठा पुरावा असतो. सोडवणाऱ्याला ही मदत आहे. कोडे रचणाऱ्याला मात्र हाच त्रास, कारण एकमेकांत अडकतील असे शब्द त्याला शोधत बसावे लागते.

पुढचे धागे भराभर सुटतात. ‘यवतमाळ’चा ‘ळ’ चार घरांच्या आडव्या ओळीत दुसरा येतो. ‘येरवडा’चे दुसरे अक्षर ‘र’, म्हणून तिथे ‘जळगाव’. त्याच्या शेवटच्या ‘व’पासून खाली जाणारा तीन अक्षरी शब्द ‘वसई’, आणि तिच्या ‘ई’वर संपणारी ‘मुंबई’.

डाव्या कोपऱ्यात मात्र सापळा आहे. तिथे तीन घरांच्या दोन ओळी शेवटच्या घरात भेटतात आणि हाताशी उरलेले दोन्ही शब्द ‘ला’ने संपतात. उभा ‘येवला’ आणि आडवा ‘अकोला’ लिहिला तरी भेटीच्या घरात ‘ला’च येतो. एवढा तुकडा झाकून पाहिला तर काहीच खटकत नाही. चूक दिसते ती वर, ‘अमरावती’च्या ‘अ’पाशी. उभ्या शब्दाचे पहिले अक्षर ‘अ’ हवे, म्हणून उभा ‘अकोला’ आणि आडवा ‘येवला’. त्याच्या ‘ये’पासून खाली ‘येरवडा’ उतरतो आणि यादी संपते.

मोठ्या चौकटीत हीच चूक वेळ खाते. कोपऱ्यातले दोन-तीन शब्द आपसात जुळतात, सोडवणारा निर्धास्त होतो आणि दहा शब्दांनंतर असा शब्द हातात उरतो की त्याच्या लांबीची जागाच मोकळी नसते किंवा असलेल्या जागेत अक्षर जुळत नाही. अशा वेळी सगळे खोडायचे नसते. जो शब्द दुसरा पर्याय न तपासता ठेवला होता, तिथवर मागे जायचे. त्यासाठी अंदाजाने लिहिलेल्या शब्दाच्या पहिल्या घरात बारीक टिंब द्यावे. यादीतला शब्द वापरला की लगेच त्यावर रेघ मारावी, नाहीतर तोच शब्द दोन ठिकाणी लिहिला जातो.

संगणकालाही हे कोडे सोडवताना बहुधा याच वाटेने जावे लागते: शब्द ठेवायचा, अडले की मागे फिरायचे. एकाच लांबीचे दहा शब्द असतील तर त्यांच्या मांडण्या 36,28,800 होतात. मायकेल गॅरी आणि डेव्हिड जॉन्सन यांच्या 1979 सालच्या पुस्तकात अवघड गणिती प्रश्नांची एक प्रसिद्ध यादी आहे. दिलेल्या शब्दांनी चौकट भरण्याचा प्रश्न त्या यादीत आहे. प्रत्येक चौकट हमखास आणि झटपट सोडवील अशी रीत अजून कोणाला सापडलेली नाही.

कोड्याला उत्तर एकच असावे, ही जबाबदारी रचणाऱ्याची. वरच्या चौकटीत ‘वसई’ आणि ‘मुंबई’ यांचा कोपरा ‘जळगाव’च्या ‘व’ला जोडलेला नसता, तर दोन्ही शब्द ‘ई’ने संपत असल्यामुळे त्यांची अदलाबदल केली तरी चालले असते आणि कोड्याला दोन उत्तरे निघाली असती. छापील कोड्यात असा सुटा कोपरा दिसला तर दोष स्वतःकडे घेऊ नये, संपादकांना पत्र लिहून कळवावे.