ऑप्शन चेनमधले फसवे भाव

निफ्टीची ऑप्शन चेन एक्सेलमध्ये उतरवून घेतली आणि शेवटच्या भावाचा रकाना धरून गणित मांडलं की कुठे ना कुठे फुकटचा पैसा हमखास सापडतो. एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण अशा जोड्या चेनमध्ये नेहमी दिसतात. २३,५०० चा कॉल, शेवटचा भाव १,३१० रुपये. लगेच खालच्या ओळीत २३,५५० चा कॉल, शेवटचा भाव १,४४८ रुपये. कॉल म्हणजे ठरलेल्या किमतीला निफ्टी घेण्याचा हक्क. स्वस्तात घेण्याचा हक्क महागात घेण्याच्या हक्कापेक्षा कमी किमतीला मिळतोय, असं ही चेन सांगते. म्हणजे पहिला घ्यायचा, दुसरा विकायचा, १३८ रुपये खिशात टाकायचे आणि एक्स्पायरीला काहीही झालं तरी तोटा नाही.

प्रत्यक्षात ऑर्डर टाकायला गेलात तर १,३१० ला विकणारा कुणीच नसतो. २३,५०० चा तो सौदा सकाळी झाला होता, तेव्हा निफ्टी फ्युचर २४,८०० वर होतं आणि भाव रास्तच होता. दुपारी फ्युचर २५,००० वर गेलं, २३,५५० मध्ये एक सौदा झाला, २३,५०० मध्ये मात्र पुन्हा झालाच नाही. चेनच्या पानावर हे दोन भाव शेजारी शेजारी छापले जातात आणि कुठला सौदा किती वाजता झाला याचा रकाना तिथे नसतो.

चेनमध्ये प्रत्येक स्ट्राइकसमोर तीन भाव असतात. `BID` म्हणजे या क्षणी घेणारा जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे. `ASK` म्हणजे विकणारा कमीत कमी किती मागतोय. `LTP` म्हणजे मागचा सौदा कितीला झाला. पहिले दोन आजची तयारी सांगतात, तिसरा इतिहास. मोबाइलच्या स्क्रीनवर ठळक दिसतो तो तिसरा, म्हणून नवखा माणूस हिशोबाला तोच घेतो. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी काढायची असो किंवा स्ट्रॅडलची किंमत, `LTP` हिशोबात घ्यायचाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. भाव म्हणून बिड आणि आस्क यांचा मध्य घ्यावा आणि `LTP` फक्त पडताळणीला ठेवावा.

पडताळणी कशी करायची? आपल्या २३,५०० च्या कॉलला या क्षणी बिड १,४९१ आणि आस्क १,५१२ आहे. १,३१० हा भाव या दोहोंच्या बाहेर पडतो, तेव्हा तो शिळा. एवढी एकच चाचणी बहुतेक ओळींना पुरते. शेवटचा भाव बिड-आस्कच्या आत असेल तर तो जुना असला तरी निरुपद्रवी आहे. `VOLUME` कोरा किंवा शून्य आणि `LTP` मात्र भरलेला दिसला, तर तो भाव आजचा नाहीच.

दुसरी चाचणी थोडी खोल आहे, पण जमली की भरवसा वाटतो. फ्युचर २५,००० वर असताना २३,५०० च्या कॉलमध्ये दीड हजार रुपये तर अंगचेच आहेत. एक्स्पायरीला सात दिवस आहेत आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला तर त्या दीड हजाराची आजची किंमत सुमारे १,४९८ होते. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असल्यामुळे कॉलची किंमत म्हणजे त्याच स्ट्राइकच्या पुटची किंमत अधिक ही रक्कम. पुटला बिड २.१० आणि आस्क २.२५ आहे, म्हणजे मध्य जेमतेम २.२०. बेरीज १,५०० च्या किंचित वर जाते आणि ती कॉलच्या बिड-आस्कच्या आत चपखल बसते. बिड-आस्क खरे, `LTP` खोटा, हे इथे सिद्ध होतं.

याच बेरजेतून आणखी एक गोष्ट कळते, जी बरेच जण सोडून देतात. कॉलच्या बिड-आस्कमध्ये २१ रुपयांचं अंतर आहे. टक्क्यात ते दीडसुद्धा भरत नाही, म्हणून ओळ स्वच्छ वाटते. पण या कॉलमध्ये व्होलॅटिलिटीपोटी असलेली किंमत आहे फक्त दोन-सव्वादोन रुपये. २१ रुपयांच्या धुक्यात दोन रुपये शोधून हाती काही लागत नाही. त्याच स्ट्राइकच्या पुटमध्ये तेच दोन रुपये पंधरा पैशांच्या अंतरात स्पष्ट दिसतात. म्हणून व्होलॅटिलिटीसाठी प्रत्येक स्ट्राइकवर आउट ऑफ द मनी बाजू घ्यायची: फ्युचरच्या खाली पुट, वर कॉल. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा इंडिया व्हिक्सही आउट ऑफ द मनी ऑप्शनच्या बिड-आस्कवरच बेतलेला आहे, शेवटच्या भावावर नाही. ज्या स्ट्राइकचं बिड-आस्क अंतर मध्याच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त, तो भाव तिथे योग्य मानला जात नाही.

आता शून्य बिड. इथे घाईघाईने ओळ पुसून टाकणारे आणि शून्य हाच भाव मानणारे, दोघेही फसतात. एक्स्पायरीच्या दुपारी फ्युचर २५,००० वर असताना २६,००० चा कॉल पाहा: बिड ०, आस्क ०.०५. पाच पैसे ही निफ्टी ऑप्शनची सर्वांत लहान पायरी, तेवढेही द्यायला कुणी तयार नाही. हे शून्य खरं आहे आणि बरंच काही सांगतं, की या हक्काची किंमत शून्य ते पाच पैशांच्या मध्ये कुठेतरी आहे. पण मध्य काढून ०.०२५ ला व्होलॅटिलिटीच्या सूत्रात घातलं तर जो आकडा येईल तो बाजाराने नव्हे, पायरीच्या मापाने ठरवलेला असेल. ०.०५ ऐवजी ०.१० झालं की किंमत दुप्पट, मधलं काही नाहीच. अशी ओळ वरची मर्यादा म्हणून जपून ठेवावी, बिंदू म्हणून आलेखात ठेवू नये.

दुसरं शून्य याहून वेगळं. २१,००० चा कॉल: बिड ०, आस्क ४,१५०. घेणारा नाही म्हणून किंमत शून्य, असं इथे कुणी म्हणणार नाही, कारण चार हजार रुपये तर अंगचेच आहेत. या स्ट्राइकवर एकाच विक्रेत्याची ऑर्डर पडली आहे आणि समोर कुणी आलेलंच नाही. सरधोपट मध्य काढला तर २,०७५ येतो आणि आलेखात एक भला मोठा खड्डा पडतो. हे शून्य म्हणजे माहितीचा अभाव, ते कोरं मानावं. दोन्ही शून्यांतला फरक अंगच्या किमतीवरून ओळखता येतो: ती जवळपास नसेल तर शून्य खरं, भरपूर असेल तर रिकामं.

शून्य बिड कुठे संपतात याला शिकागोच्या व्हिक्समध्ये थेट नियम आहे. पैशांपासून दूर जाताना लागोपाठ दोन स्ट्राइकला शून्य बिड आले की त्यापलीकडचे सगळे स्ट्राइक सोडून द्यायचे, मग पुढे एखाद्याला बिड असला तरी. नियम सोपा आहे, पण त्याची दुखरी बाजूही आहे: एखाद्या दूरच्या स्ट्राइकवर कुणी क्षुल्लक बिड लावला किंवा काढला, तरी हिशोबाची हद्द पुढे-मागे सरकते. स्वतःच्या अभ्यासात हा नियम वापरायचा असेल तर रोज शेवटचा घेतलेला स्ट्राइक कोणता होता, हे शेजारी नोंदवत जावं. नाहीतर हद्द बदलल्याने हललेला आकडा बाजार हलला म्हणून वाचला जातो.

राहिला उलटा भाव, म्हणजे बिड आस्कपेक्षा जास्त. अमेरिकेत एकच ऑप्शन डझनाहून जास्त एक्स्चेंजवर चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणचे भाव एकत्र मांडताना क्षणभर खरोखर उलटे दिसू शकतात. आपल्याकडे निफ्टीच्या चेनमधले दोन्ही भाव एकाच एक्स्चेंजच्या एकाच ऑर्डर बुकातून येतात. तिथे घेणारा १०५ द्यायला तयार आणि विकणारा १०४ मागतोय अशी वेळ आली की संगणक तिथल्या तिथे सौदा जुळवून टाकतो. तेव्हा चालू बाजारातल्या फाइलमध्ये उलटा भाव दिसला तर आधी फाइलवर संशय घ्यावा. बिड-आस्कची अदलाबदल करून ओळ ‘दुरुस्त’ करणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने मूळ चूक झाकली जाते.

बहुतेक वेळा कारण दोहोंपैकी एक निघतं. पहिलं, रकान्यांचा क्रम. एनएसईच्या चेनमध्ये कॉल डावीकडे आणि पुट उजवीकडे असतात आणि `OI`, `VOLUME`, `IV` हे रकाने आरशातल्यासारखे उलट क्रमाने येतात. पण बिड-आस्कची चौकडी उलटत नाही. दोन्हीकडे आधी `BID`, मग `ASK`. सगळंच उलटं असेल असं धरून ज्याने पुटच्या रकान्यांना नावं दिली, त्याचे झाडून सगळे पुट उलटे निघतात. एका बाजूचे सगळेच भाव उलटे दिसले की हेच समजायचं. दुसरं कारण, विक्रेता नसलेली ओळ. तिथे `ASK` शून्य नोंदलं गेलं आणि बिड ५ रुपये असला, तर तुलना म्हणते बिड मोठा. हा उलटा भाव नव्हेच. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी शून्य आस्क कोरा करायचा, मगच तुलना.

```python
df = pd.read_csv("option-chain.csv", header=1,
                 thousands=",", na_values="-")
df.loc[df["ASK"] == 0, "ASK"] = float("nan")
df["crossed"] = df["BID"] > df["ASK"]
df["zero_bid"] = df["BID"].fillna(0) == 0
df["stale"] = (df["LTP"] < df["BID"]) | (df["LTP"] > df["ASK"])
df["mid"] = (df["BID"] + df["ASK"]) / 2
```

पहिल्या ओळीतला `header=1` फाइलच्या माथ्यावरची ‘कॉल-पुट’ अशी पाटी ओलांडतो, `thousands` लाखांचे स्वल्पविराम काढतो आणि `na_values` रिकाम्या जागीची आडवी रेघ कोरी करतो. हे कॉलपुरतं झालं. पुटचे रकाने पंडास `BID.1`, `ASK.1` अशा नावांनी देतं, त्यांनाही हेच करायचं. इथे कुठलीच ओळ पुसलेली नाही, फक्त खुणा केल्या आहेत. खुणा केल्यावर `crossed` किती ओळींत आलं ते मोजावं. शंभरात एखादी ओळ निघाली तर ती बाजूला ठेवून पुढे जाता येतं. दहा-वीस निघाल्या तर फाइल पुन्हा उतरवावी.

ही सगळी तपासणी चालू बाजारातल्या फाइलसाठी आहे. साडेतीननंतर उतरवलेल्या चेनमधल्या बिड-आस्कवर विसंबू नये, कारण तेव्हा समोरासमोर उभे घेणारे-विकणारे उरलेले नसतात. जुन्या दिवसांच्या अभ्यासासाठी लोक भावकॉपी वापरतात, पण त्यात बिड-आस्क नसतातच. तिथे ज्या ऑप्शनमध्ये त्या दिवशी एकही सौदा झाला नाही तो सोडायचा आणि त्याच स्ट्राइकचे कॉल व पुट फ्युचरशी जुळतात का, ही वरचीच बेरीज घालून पाहायची. दूरच्या महिन्यांच्या बऱ्याच ओळी या चाळणीत गळतात आणि उरलेल्या ओळींवर व्होलॅटिलिटीची वक्ररेषा काढली तर ती मध्ये मध्ये तुटलेली दिसते.